बारीक चौकडीचा शर्ट कॅमेऱ्यावर का लहरतो, आणि मुलाखतीला कुठला रंग सांगावा

प्रश्न: तीन जणांच्या मुलाखती घ्यायच्या आहेत. मागच्या वेळी एकाच्या बारीक चौकडीच्या शर्टावर रंगीत लाटा सरकताना दिसल्या, पण चित्रीकरण चालू असताना कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काहीच दिसलं नव्हतं. आता तिघांना काय घालून यायला सांगू? एक बाई अगदी गोऱ्या आहेत, एक जण गव्हाळ आहेत, एकांचा वर्ण बराच गडद आहे. आणि ते जुनं चित्रीकरण वाचेल का?

उत्तर:

त्या लाटा कापडावर नसतात, त्या कॅमेऱ्यात तयार होतात. दोन जाळीदार पडदे एकावर एक धरून जरा हलवले की दोन्हींत नसलेल्या मोठ्या लाटा दिसतात, तोच हा प्रकार. एक जाळी म्हणजे शर्टाची चौकडी आणि दुसरी म्हणजे सेन्सरवरची पिक्सेलची जाळी. दोन्हींचं माप एकमेकांच्या जवळ आलं की लाटा उठतात. याला मॉयरे म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, पाण्यावरच्या तरंगांसारखी झाक असलेल्या रेशमाला वापरला जाणारा.

लाटा रंगीत का, तेही समजून घ्या, कारण पुढची सगळी मापं त्यावर उभी आहेत. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर रंगांची जी गाळणी बसवलेली असते तिची मांडणी कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ सालचं. चार पिक्सेलच्या प्रत्येक चौकोनात दोन हिरवे, एक लाल, एक निळा. म्हणजे लाल आणि निळ्या रंगापुरता कॅमेरा एकाआड एक ओळच पाहतो आणि मधलं अंदाजाने भरतो. पांढऱ्यावर करड्या रेघा असलेला शर्ट समोर आला आणि पांढऱ्या रेघा नेमक्या लाल पिक्सेलांवर, करड्या नेमक्या निळ्यांवर पडल्या, की कॅमेऱ्याला वाटतं इथे लाल जास्त आहे. दोन सेंटिमीटर पुढे रेघा जरा सरकलेल्या असतात, तिथे त्याला निळा जास्त वाटतो. शर्टात रंगाचा थेंब नसताना पडद्यावर गुलाबी-हिरवी इंद्रधनुष्यं फिरतात ती यामुळे.

आता माप. फुल एचडी चित्रात आडवे १९२० पिक्सेल असतात. बसलेल्या माणसाचा कमरेपासून वरचा शॉट घेतला आणि फ्रेममध्ये साधारण १.२ मीटर रुंदी मावली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला शर्टाचा ०.६ मिलिमीटरहून किंचित जास्त भाग येतो. एक रेघ आणि तिच्या शेजारची मोकळी जागा, असं मिळून एक आवर्तन धरा. एका आवर्तनाला दोन पिक्सेलही मिळाले नाहीत तर लाटा येण्याचा धोका मोठा. लाल-निळा एकाआड एक असल्यामुळे चार पिक्सेलपर्यंत रंगीत लाटांची भीती राहते. मी पाच पिक्सेल ही हद्द धरतो, आणि त्यातून लक्षात ठेवायला सोपा हिशेब निघतो: फ्रेममध्ये जितके मीटर रुंदी मावते त्याच्या अडीच ते तीन पट मिलिमीटर, एवढं तरी आवर्तन हवं. १.२ मीटरच्या फ्रेमला तीन-साडेतीन मिलिमीटर. अडीच मीटरच्या मोठ्या फ्रेमला सात मिलिमीटरच्या आसपास. त्याच शर्टाचा ६० सेंटिमीटरचा क्लोज-अप घेतला तर दीड-दोन मिलिमीटरची चौकडीसुद्धा बरेचदा स्वच्छ येते. म्हणून अमुक शर्ट कॅमेऱ्याला चालतो की नाही, याचं उत्तर फ्रेम ठरल्याशिवाय देता येत नाही.

माझ्यावर आलेली एक वेळ सांगतो. मुलाखत देणारे गृहस्थ करड्या-निळ्या शर्टात आले. चार पावलांवरून शर्ट साधा, एकरंगी. जवळ जाऊन पाहिलं तर पांढऱ्यावर निळी चौकडी, आवर्तन दीड मिलिमीटर. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स, अंतर दीड मीटर, त्यामुळे फ्रेमची रुंदी सुमारे १.१ मीटर. हिशेब केला तर एका आवर्तनाला जेमतेम अडीच पिक्सेल. मॉनिटरवर चित्र एकास एक मापात मोठं करून पाहिलं आणि दोन्ही खांद्यांवर रंग सरकत होते. दुसरा शर्ट त्यांच्याजवळ नव्हता.

लेन्स एफ ५.६ वर होती. ते बोलताना किंचित पुढे झुकत, त्यामुळे डोळे छातीपेक्षा सात-आठ सेंटिमीटर पुढे येत होते. फोकस डोळ्यांवर ठेवून एफ ५.६ वर छातीवर पडणारा धूसरपणा पिक्सेलभरसुद्धा भरत नव्हता, म्हणजे चौकडी कॅमेऱ्याला स्वच्छ दिसत होती. लेन्स एफ २ वर उघडली, वाढलेला प्रकाश एनडी फिल्टरने तीन स्टॉप खाली आणला; एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा, वर म्हणजे दुप्पट. आता त्याच आठ सेंटिमीटरला दोन पिक्सेलहून जास्त धूसरपणा मिळाला आणि अडीच पिक्सेलची चौकडी त्यात विरून गेली. शर्ट पडद्यावर सपाट करडा-निळा दिसला, डोळे धारदार राहिले. मात्र या उपायाचा जीव लहान आहे. ते मध्येच मागे टेकून बसले, चेहरा आणि छाती एका अंतरावर आले आणि लाटा परतल्या. खुर्चीची पाठ काढता येत नव्हती म्हणून मी त्यांच्या पाठीमागे उशी दिली आणि पुढे बसायची विनंती केली. दुसरा कॅमेरा मोठ्या फ्रेमसाठी लावला होता. त्याच्यासाठी काहीच करता आलं नाही, तो क्लोज-अपवर आणला.

लाटा आधी खांद्यावर, बाहीवर, काखेजवळ दिसतात, छातीच्या मध्यभागी कमी. खांद्यावर आणि बाहीवर कापड कॅमेऱ्यापासून वळतं, त्यामुळे त्याच चौकडीचं आवर्तन कॅमेऱ्याला आखूड दिसतं. छातीवर चार मिलिमीटर असलेलं आवर्तन खांद्याच्या वळणावर दोनचं होतं. म्हणून शर्ट तपासताना सपाट धरून तपासू नका, माणसाच्या अंगावर असताना खांदा आणि बाही बघा. आणि त्याला बोलू द्या. स्थिर बसलेल्या माणसाच्या शर्टावरची लाट फिकट डागासारखी वाटते, श्वास घेतला की ती सरकायला लागते आणि मग प्रेक्षकाची नजर तिथून हलत नाही.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दिसलं नाही याचं कारण स्क्रीनच लहान. तिच्यावर चित्र आकुंचन करून दाखवलं जातं आणि त्यात बारीक दोष गाळला जातो. उलटंही होतं: चित्र स्वच्छ रेकॉर्ड होत असतं, पण आकुंचन करताना स्क्रीनच स्वतःच्या लाटा तयार करते. खरं-खोटं करायचं तर मॅग्निफाय किंवा फोकस असिस्टचं बटण दाबून चित्र एकास एक बघा. लाट तिथेही असेल तर ती रेकॉर्ड होणार. खात्रीचा मार्ग म्हणजे वीस सेकंद रेकॉर्ड करा, कार्ड काढून लॅपटॉपवर १०० टक्के मापात चालवून बघा. त्याच कॅमेऱ्याने फोटो काढून बघणं पुरेसं नाही. फोटो काढताना सेन्सर पूर्ण वाचला जातो, पण अनेक कॅमेरे व्हिडिओच्या वेळी मधल्या ओळी सोडून वाचतात. त्यामुळे फोटो निर्मळ आणि व्हिडिओत लाटा, असं हमखास होतं. मोबाइलच्या फोटोवरून तर काहीच ठरवू नका, त्याची जाळी वेगळी.

४के मध्ये चित्रित केल्याने फरक पडतो का? पडतो, कॅमेरा सेन्सर पूर्ण वाचून ४के बनवत असेल तर हद्द जवळपास निम्म्यावर येते. पण बघणारा ते मोबाइलच्या छोट्या खिडकीत, आकुंचन करून बघणार, आणि सगळे प्लेअर ते काम नीट करत नाहीत. मी कपडे निवडताना हिशेब फुल एचडीचाच धरतो. ४के मुळे जे वाचेल ते वरचं.

आता निरोप देताना "साधे कपडे घाला" एवढंच सांगू नका, कारण साधं दिसणारं कापड साधं असेलच असं नाही. ताण्याचा धागा निळा आणि बाण्याचा पांढरा असलेलं कापड हातभर अंतरावरून फिकं निळं, एकरंगी दिसतं, पण त्याची विण सेन्सरला जाळीसारखीच भासते, विशेषतः क्लोज-अपमध्ये. जाड धाग्याचा विणलेला टाय, तिरक्या उठावाचा रेशमी टाय, बारीक कॉर्डुरॉय, हेरिंगबोनचं जाकीट, उभ्या उठावदार रेघांचा स्वेटर, हे सगळे त्याच माळेतले. मी लोकांकडून कपड्याचा एक फोटो मागतो, पण वर पट्टी ठेवून. एका सेंटिमीटरमध्ये किती रेघा येतात ते मोजलं की वरचा हिशेब फोनवर बसल्या बसल्या होतो. सेंटिमीटरला तीनपेक्षा जास्त आवर्तनं असतील तर नेहमीच्या मुलाखतीच्या फ्रेमला मी नको म्हणतो. तळहाताएवढी फुलं, दोन-तीन सेंटिमीटरचे पट्टे यांना मॉयरेचं भय नाही. ते नजर खातात ही वेगळी तक्रार.

मागे जाळीच्या पाठीची खुर्ची किंवा पट्ट्यांचा पडदा असेल तर तोही शर्टाइतकाच तपासा.

रंगाकडे येऊ. त्वचेचा अंडरटोन उबदार की थंड, यावर बरंच लिहिलेलं असतं. कॅमेऱ्यासमोर मला त्याचा उपयोग फार थोडा होतो. चित्रातले रंग वर्तुळावर मांडून दाखवणाऱ्या व्हेक्टरस्कोपवर पाहिलंत तर गोरा, गव्हाळ, काळा, कुठलाही चेहरा लाल आणि पिवळ्याच्या मधल्या एकाच रेषेच्या आसपास पडतो. माणसामाणसात खरा फरक असतो तो उजळपणाचा. त्यामुळे कापडाचा पहिला प्रश्न कुठला रंग हा नाही, चेहऱ्यापेक्षा किती उजळ किंवा किती गडद हा आहे.

यात सर्वांत जास्त अन्याय गडद वर्णाच्या माणसावर होतो, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो. फोटोग्राफीतला मधला करडा अंगावर पडलेल्या प्रकाशातला १८ टक्के परत फेकतो. गोरी त्वचा साधारण त्याच्या दुप्पट, म्हणजे एक स्टॉप वर. बरीच गडद त्वचा साधारण निम्मा, म्हणजे एक स्टॉप खाली. धुतलेला पांढरा शर्ट ८० टक्क्यांच्या वर. म्हणजे गोऱ्या चेहऱ्याच्या आणि पांढऱ्या शर्टाच्या मध्ये स्टॉप-सव्वा स्टॉपचं अंतर, आणि गडद चेहऱ्याच्या व त्याच शर्टाच्या मध्ये तीन स्टॉपचं, म्हणजे आठपट प्रकाशाचं. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो शर्ट बघून एक्स्पोजर खाली ओढतो आणि चेहरा काळवंडतो, गालाची गोलाई, डोळ्यांखालचा आकार सगळं जातं. मॅन्युअलवर चेहरा बरोबर ठेवला तर शर्ट जळतो, बटणंसुद्धा दिसत नाहीत. चूक त्वचेची नाही, तिच्या शेजारी ठेवलेल्या कापडाची आहे.

त्यांना मध्यम गडद, भरलेले रंग सांगा: कोबाल्ट निळा, मोरपंखी, वांगी, वाइन. हे कापड चेहऱ्याच्या उजळपणापासून स्टॉपभराच्या आत राहतं, आणि रंग वेगळा असल्यामुळे चेहरा त्यात मिसळत नाही. चॉकलेटी किंवा गडद तपकिरी नको, कारण तिथे उजळपणाही तोच आणि रंगाची जातही तीच, मग मान कुठे संपली आणि कॉलर कुठे सुरू झाली ते कळत नाही. काळं जाकीट चालतं, पण त्याला एक किंमत आहे. हलक्या कापडावरून उडालेला प्रकाश हनुवटीखाली जातो, काळं कापड तो गिळतं. मग जबड्याखालची सावली दाट होते आणि तिथे तुम्हाला खालून पांढरा बोर्ड धरावा लागतो. पांढरा शर्टच घालायचा असेल तर वरून गडद निळं जाकीट, म्हणजे पांढऱ्याचा फक्त एक निमुळता त्रिकोण उरतो. वेशभूषेवाले चित्रीकरणासाठी पांढरे कपडे चहाच्या पाण्यात बुडवून त्यांची चमक मारत आले आहेत. मळखाऊ पांढरा कॅमेऱ्यावर पांढराच दिसतो, पण चेहऱ्याशी भांडत नाही. आणि एक्स्पोजर नेहमी चेहऱ्यावरून ठरवा, शर्टावरून नाही. चित्राचा उजळपणा शून्य ते शंभरमध्ये दाखवणाऱ्या वेव्हफॉर्मवर गडद त्वचा ४० ते ५० च्या आसपास सुंदर दिसते. तिला गोऱ्या चेहऱ्यासारखं ६५-७० वर चढवायचा प्रयत्न केला तर माणूस स्वतःसारखा दिसत नाही.

गव्हाळ वर्णाला सगळ्यांत जास्त कपडे शोभतात, आणि त्यांच्यासाठी टाळायचा पट्टा मात्र नेमका आहे: खाकी, बेज, मोहरी, पीच, उंटाच्या रंगाचं जाकीट. हे सगळे त्वचेच्याच जातीचे रंग. दुरून पाहिलं तर माणूस उघडा बसल्यासारखा भास होतो, आणि कलर करेक्शनच्या वेळी चेहऱ्याचा रंग निवडायला गेलं की शर्टही त्याबरोबर निवडला जातो. त्वचा नारिंगी बाजूची, म्हणून रंगचक्रावर तिच्या समोरची बाजू, म्हणजे निळा, निळसर करडा, मोरपंखी, ही सुरक्षित. गडद हिरवाही चांगला.

गोऱ्या बाईंच्या बाबतीत भीती उलटी आहे. काळं जाकीट घातलं तर ऑटो कॅमेरा एक्स्पोजर वर चढवतो आणि कपाळ, नाक जळतात. फिकट गुलाबी किंवा क्रीम घातलं तर चेहरा आणि कापड एकाच उजळपणावर येऊन सगळं पाणचट दिसतं. गडद निळा, वाइन, मध्यम करडा सांगा. एक गोष्ट भेटल्यावर बघा: त्यांचे गाल किंवा नाक पटकन लालसर होतात का? होत असतील तर भडक हिरवा टाळा. हिरव्याच्या शेजारी लाल जास्त लाल दिसतो, हा डोळ्याचा स्वभाव आहे. शिवाय चकचकीत हिरव्यावरून उडालेला प्रकाश हनुवटीच्या खालच्या बाजूला हिरवट करतो, तो गालाच्या लालीशेजारी फार वाईट दिसतो.

भडक लाल तिघांनाही नको. लाल चॅनल आधी भरतो, मग कापडाच्या घड्या सपाट होतात. शिवाय नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी पिक्सेलांत साठवलेली असते, त्यामुळे लाल कापडाची कड करवतीसारखी येते. वाइन किंवा मरूनमध्ये हा त्रास बराच कमी.

पांढऱ्याची आणखी एक खोड: धुण्याच्या पावडरीतल्या चमक आणणाऱ्या रसायनांमुळे काही शर्ट निळसर झळकतात. म्हणून व्हाइट बॅलन्स कधीही शर्टावरून घेऊ नका. कॅमेरा तो निळा काढून टाकायला जातो आणि चेहरा पिवळा पडतो. करड्या कार्डावरून घ्या.

निवडलेला कपडा शेवटी पारखायचा तर मॉनिटर कृष्णधवल करा. चेहरा आणि कापड एकाच करड्यात विरघळले किंवा कापड चेहऱ्यापेक्षा फार झळकलं, तर रंग कितीही आवडला तरी बदला. हे दहा सेकंदांत कळतं आणि माणसाला बदलायला वेळ असतो, म्हणून तिघांना दोन-दोन पर्याय इस्त्री करून आणायला सांगा, त्यातला एक समोर बटणं असलेला. माइक कॉलरपाशी लावायला जागा लागते, आणि गोल गळ्याच्या घट्ट कपड्यावर तो वाकडा लटकतो.

जुन्या चित्रीकरणाचं: आधी बघा, लाटा रंगीत आहेत की उजेड-अंधाराच्या. एडिटिंगमध्ये चित्राचा रंग पूर्ण काढा. लाटा गेल्या तर त्या फक्त रंगाच्या आहेत आणि काम सोपं आहे: शर्टावर मास्क लावून तो माणसाबरोबर ट्रॅक करा, आत रंगाचा भाग तेवढा ब्लर करा आणि सॅच्युरेशन खाली आणा. करडा-निळा शर्ट असेल तर कोणाला कळणारही नाही. रंग काढूनही पट्टे सरकत राहिले, तर ते उजेडात रेकॉर्ड झालेले आहेत आणि खरी चौकडी परत मिळवता येत नाही. शर्टाला मास्कमध्ये हलका ब्लर देऊन पट्टे मऊ होतात, जात नाहीत. शर्ट फ्रेममध्ये ठेवून चित्र मोठं करण्याचाही उपयोग नाही, लाटाही तितक्याच मोठ्या होतात. तिथे मी क्रॉपची कड शर्टाच्या कॉलरपर्यंत वर आणतो, म्हणजे खांदे फ्रेमच्या बाहेर जातात, आणि उरलेल्या वाक्यांवर दुसरी दृश्यं टाकतो. ४के मध्ये चित्रित केलं असेल तर एवढा क्रॉप फुल एचडीला सहज पुरतो. फुल एचडीतच असेल तर चेहरा मऊ पडेल, तेव्हा दोन-चार महत्त्वाच्या वाक्यांपुरताच वापरा.